पगारवाढ एकच, पण एकाची वाहवा झाली आणि दुसऱ्यांच्या नावावर वसुली निघाली

"सरकारी ऑफिस एखाद्या कंपनीसारखं चालवा, बघा सगळं कसं सुतासारखं सरळ येतं ते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि खरं सांगायचं तर स्वतःही इतक्या वेळा बोललेय की आज त्याबद्दल नीट लिहायचंच असं ठरवलं. १६ वर्षं मी खासगी कंपनीत माणसांचं खातं सांभाळलं, म्हणजे भरती, पगार, बढत्या, भांडणं सगळं. त्यानंतर एका सार्वजनिक संस्थेत आस्थापना विभागात आले. आल्यावर दोनच महिन्यांत जे घडलं त्यावरून सुरू करते, कारण माझा सगळा विचार तिथून फिरला.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एका रात्री पाइप फुटला. तिथे साफसफाईला असणाऱ्या मावशी रात्रभर थांबल्या आणि खालच्या रॅकवरची जुनी रजिस्टरं एकेक करून वर नेली, ओली झालेली टेबलावर उघडी पसरून ठेवली. सकाळी मी पोचले तेव्हा त्यांच्या हातांची कातडी पाण्याने पांढरी पडली होती. कंपनीत असते तर काय केलं असतं ते मला माहीत होतं, कारण तिथे असं मी केलेलं होतं. एका हेल्परसाठी डायरेक्टरना तीन ओळींचा मेल टाकला, त्यांचं "ओके" आलं आणि पुढच्या पगारात जास्तीची रक्कम जमा. विषय संपला. इथेही मी त्याच उत्साहात टिपणी लिहिली, विशेष बक्षीस द्यावं म्हणून, आणि फाइल लेखा विभागाकडे गेली.

लेखाधिकाऱ्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली आणि तीन प्रश्न विचारले. मॅडम, हे कोणत्या तरतुदीखाली? याच पदावर बाकीचे जे आहेत त्यांच्यापैकी कोणी उद्या असंच काही केलं तर त्यांना काय उत्तर देणार? आणि ऑडिटला हा खर्च मान्य झाला नाही तर वसुली कोणाकडून करायची, तुमच्याकडून की माझ्याकडून?

मला भयंकर राग आला. माणसाने रात्रभर जीव काढला आणि हे तरतूद विचारतायत. घरी येऊन मी चिडचिड केली. पण तिसरा प्रश्न डोक्यातून जाईना. वसुली कोणाकडून? कंपनीतल्या १६ वर्षांत हा प्रश्न मला कोणी एकदाही विचारला नव्हता. का नव्हता, हे शोधता शोधता मी शंभर वर्षांपूर्वीच्या दोन गोष्टींपाशी पोचले. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की सार्वजनिक कारभार आणि खासगी व्यवस्थापन यातला फरक जितका स्वच्छ दिसतो तितका मला तरी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये दिसला नाही.

पहिली गोष्ट हेन्री फोर्डची. ५ जानेवारी १९१४ ला डेट्रॉइटमध्ये फोर्ड कंपनीने जाहीर केलं की कामगारांना आता दिवसाला ५ डॉलर मिळतील, आणि कामाचे तास नवावरून आठ. तोपर्यंतचा दर अडीच डॉलरच्याही खाली होता, म्हणजे एका झटक्यात दुप्पट. यामागे दया होती का? थोडी असेलही, पण हिशोब पक्का होता. असेंब्ली लाइनचं काम इतकं कंटाळवाणं की माणसं टिकत नव्हती, आदल्या वर्षी कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला सरासरी चार-एक माणसं घ्यावी लागत होती. नवीन माणूस शिकवायचा खर्च, चुकांचा खर्च, थांबलेल्या लाइनचा खर्च, हे सगळं धरलं तर दुप्पट पगार परवडत होता.

आता या पगाराच्या अटी बघा. तो सगळ्यांना नव्हता. २२ वर्षांखालच्या मुलांना घर चालवत असतील तरच. स्त्रियांना सुरुवातीला नाहीच. आणि त्यातला जवळपास अर्धा भाग "नफ्यातला वाटा" म्हणून दिला जायचा, तो मिळवायचा तर कंपनीचे तपासनीस तुमच्या घरी येणार, तुम्ही दारू किती पिता, पैसे साठवता का, घर स्वच्छ आहे का हे बघणार आणि मग ठरवणार की तुम्ही त्या वाट्याला लायक आहात की नाही. त्यासाठी कंपनीत वेगळं खातंच होतं. हे वाचून आज आपल्याला कसंसंच होतं, पण त्या काळी कंपनीला कोणी विचारलं नाही की हे कोणत्या तरतुदीखाली. का विचारतील? फॅक्टरी त्यांची, पैसा त्यांचा, कोणाला किती द्यायचं हे तेच ठरवणार. ज्याला पटत नाही त्याने दुसरीकडे काम बघावं, आणि ज्याला गाडी महाग वाटते त्याने घेऊ नये.

दुसरी गोष्ट लंडनच्या पूर्व भागातल्या पॉप्लरची. गोदीकामगारांची, गरिबांची वस्ती. १९१९ मध्ये तिथल्या बरो कौन्सिलवर, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेवर, मजूर पक्षाचं बहुमत आलं आणि जॉर्ज लॅन्सबरी वगैरे मंडळी कारभारात आली. १९२० मध्ये कौन्सिलने ठरवलं की आपल्या नोकरीत जो कोणी प्रौढ माणूस पूर्ण वेळ काम करतो त्याला आठवड्याला किमान ४ पौंड मिळतील. बाई असो की पुरुष. त्यांचं म्हणणं असं होतं की सार्वजनिक संस्था हा आदर्श मालक असला पाहिजे, चार पौंडांखाली माणूस धड जगू शकत नाही, मग आम्ही लोकांना त्याखाली का राबवायचं.

मग महागाई उतरली. ब्रिटनमधला राहणीखर्चाचा निर्देशांक नोव्हेंबर १९२० मध्ये १९१४ च्या तुलनेत १७६ टक्क्यांनी वर गेला होता, तो १९२२ च्या वसंतापर्यंत ८२ टक्क्यांवर आला. बाहेर सगळीकडे मजुरीचे दर खाली आले. पॉप्लरने आपले चार पौंड तसेच ठेवले.

आणि आता बघा पुढे काय झालं. कौन्सिलच्या हिशोबाच्या वह्या दरवर्षी सरकारने नेमलेल्या डिस्ट्रिक्ट ऑडिटरकडे जायच्या. ऑडिटच्या आधी त्या लोकांना बघायला खुल्या असायच्या, स्थानिक पट्टी भरणारा कोणीही येऊन वह्या चाळू शकत होता आणि ऑडिटरपुढे उभं राहून हरकत घेऊ शकत होता. फोर्डच्या वह्या अशा रस्त्यावरच्या माणसाला उघडून बघता आल्या असत्या का? प्रश्नच नाही. ऑडिटरने १९२१-२२ चा हिशोब तपासला आणि म्हणाला, हा पगार पगार नाहीच, त्यातला बाजारभावाच्या वरचा भाग म्हणजे तुम्ही लोकांच्या पैशातून दिलेली भेट आहे. त्याने ५,००० पौंड नामंजूर केले आणि ते, नीट वाचा, त्या ठरावाला जबाबदार असलेल्या कौन्सिलरांच्या नावावर लावले. कौन्सिलच्या तिजोरीतून नाही, त्यांच्या स्वतःच्या खिशातून भरायचे. इंग्लंडच्या कायद्यात याला सरचार्ज म्हणायचे.

कौन्सिलर कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने ऑडिटरची बाजू घेतली, अपील कोर्टाने कौन्सिलरांची, आणि शेवटी १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या काळच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, पुन्हा ऑडिटरची. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला रॉबर्ट्स विरुद्ध हॉपवुड म्हणून आहे. यातली गंमत नाही, यातला घोळ असा की ज्या कायद्याखाली कौन्सिल माणसं नेमत होती त्या १८५५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की कौन्सिलने त्यांना "योग्य वाटेल तेवढा" पगार द्यावा. कौन्सिलर म्हणाले, मग आम्हाला चार पौंड योग्य वाटले, संपलं. लॉर्ड्स म्हणाले, संपलं नाही. तुम्हाला अधिकार दिलाय म्हणजे मनात येईल ते करायची मोकळीक दिलेली नाही. वाजवी कारणं हवीत, बाहेरचे मजुरीचे दर आणि राहणीखर्च बघायला हवा होता, तो तुम्ही बघितलाच नाही, एक आकडा ठरवला आणि धरून बसलात.

यात मला खरोखर हलवून सोडलं ते लॉर्ड ॲटकिन्सन यांच्या एका मुद्द्याने. त्यांनी म्हटलं की जी संस्था दुसऱ्यांनी भरलेला पैसा ठराविक कामासाठी सांभाळते, तिने तो पैसा भरणाऱ्यांच्या बाबतीत व्यवहारी धंदेवाईक काळजीने कारभार केला पाहिजे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोर्ट हेच सांगत होतं जे आपण आज सांगतो, की धंद्यासारखा कारभार करा! पण धंदा करणारा फोर्ड तर बाजारभावाच्या दुप्पट पगार देऊन मोकळा झाला होता आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं होतं.

इथे माझी ट्यूब पेटली. आपण "कंपनीसारखं चालवा" म्हणतो तेव्हा आपल्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या एकच समजतो. एक असते काळजी, म्हणजे पैसा वाया घालवू नका, वेळेत काम करा, हिशोब ठेवा. तिला तर सार्वजनिक कारभार बांधीलच आहे. दुसरी असते मालकाची मोकळीक, म्हणजे वाटलं तर दिलं, वाटलं नाही तर नाही, एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं, कारण सांगायची गरज नाही. ही दुसरी गोष्ट सार्वजनिक संस्थेत असूच शकत नाही, कारण त्या खोलीत मालक नसतोच. कमिशनर मालक नाही, अध्यक्ष मालक नाही, निवडून आलेलं बहुमतसुद्धा मालक नाही. सगळे कारभारी. आणि ज्याचा पैसा आहे तो माणूस कर भरताना "मला तुमची सेवा नको, मी शेजारच्या संस्थेत कर भरतो" असं म्हणू शकत नाही. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, करदाता नाही जाऊ शकत. त्याच्याकडून जबरदस्तीने घेतलेत ना पैसे, मग प्रत्येक पैशाला कारण सांगा, आणि सगळ्यांसमोर सांगा. उघडी वही, ऑडिट, नियम, हरकती, हे सगळं त्या एका गोष्टीतून निघतं असं माझं ठाम मत झालंय.

उत्तरदायित्वाचंही तसंच. पॉप्लरच्या लोकांना चार पौंड मान्य होते की नाही? १९२२ च्या निवडणुकीत त्यांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिलं. कंपनीत ज्यांच्या हातात बहुमताचे शेअर आहेत ते खूश म्हणजे बहुतेक वेळा विषय मिटला. इथे मतदार खूश असूनही विषय मिटला नाही, कारण कारभारी फक्त मतदारांना उत्तर देत नाही, तो कायद्यालाही देतो, ऑडिटलाही देतो, आणि ज्याने त्याला मत दिलं नाही अशा पट्टी भरणाऱ्यालाही देतो. इतक्या दिशांना तोंड करून कंपनीतला कुठलाच मॅनेजर उभा नसतो, मी उभी नव्हते.

कोणी म्हणेल कंपनीवरही बंधनं असतातच की. असतात, आणि त्याचंही उदाहरण फोर्डच. १९१६ मध्ये त्याने शेअरहोल्डरांचे जास्तीचे डिव्हिडंड बंद केले, गाडीची किंमत कमी केली आणि सांगितलं की नफा कामगारांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोचला पाहिजे. डॉज बंधूंकडे १० टक्के शेअर होते, ते कोर्टात गेले. १९१९ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की व्यापारी कंपनी मुख्यतः शेअरहोल्डरांच्या नफ्यासाठी असते, आणि जवळपास १ कोटी ९३ लाख डॉलर डिव्हिडंड वाटायला लावला. म्हणजे कंपनीचा हेतू काय हे कोर्टाने एका वाक्यात सांगून टाकलं. सार्वजनिक संस्थेचा हेतू असा एका वाक्यात सांगून दाखवा बरं. पॉप्लरचा हेतू काय होता, रस्ते स्वच्छ ठेवणं, की गरिबांना जगण्यापुरता पगार देणं, की पट्टी भरणाऱ्यांचा पैसा वाचवणं? तिन्ही. आणि तिन्ही एकमेकांच्या पायात येतात. नफ्याचा एक आकडा नसतो की तो वर गेला म्हणजे आपलं बरोबर.

आणि त्याच निकालात पुढे आणखी एक होतं. फोर्डची नवीन मोठा कारखाना बांधायची योजनाही डॉज बंधूंना अडवायची होती. कोर्ट म्हणालं, न्यायाधीश काही धंद्यातले तज्ज्ञ नव्हेत, ते कंपनीने ठरवावं. ५ डॉलरच्या पगारासाठीही कोणी फोर्डच्या खिशातून वसुली केली नाही. पॉप्लरच्या पगाराबाबत मात्र पाच लॉर्ड बसले आणि दर किती असायला हवा होता यात शिरले. खासगी माणसाला जे कायद्याने मना नाही ते सगळं करता येतं, सार्वजनिक संस्थेला जे कायद्याने दिलंय तेवढंच करता येतं. लंडनच्याच फुलहॅम भागात १९२१ मध्ये हे अगदी ढळढळीत दिसलं. तिथल्या कौन्सिलला धुण्याची जागा बांधायचा अधिकार होता, लोकांनी यावं आणि आपले कपडे तिथे धुवावेत. कौन्सिलने पुढे जाऊन आपले कर्मचारी लावून कपडे धुऊन द्यायला सुरुवात केली. लोकांची सोयच होती, पण एका पट्टी भरणाऱ्याच्या तक्रारीवरून कोर्टाने ते बंद केलं, कारण कायदा धुण्याच्या जागेबद्दल बोलत होता, लाँड्रीच्या धंद्याबद्दल नाही.

आता माझं मत, कारण नुसती माहिती द्यायला मी लिहायला बसले नाहीये. पॉप्लरचा निकाल मला पूर्ण पटत नाही. त्याच लॉर्ड ॲटकिन्सननी स्त्री-पुरुषांना सारखा पगार द्यायची इच्छा म्हणजे भलत्याच आदर्शांच्या मागे लागणं असं धरलं, आणि ते वाचताना माझा संताप झाला. वाजवी काय हे न्यायाधीश ठरवायला लागले की त्यांच्या काळाचे पूर्वग्रह कायद्याच्या नावाने आत येतात. शिवाय वैयक्तिक वसुलीची भीती माणसाला गोठवते. ज्याने निर्णय घेतला त्याच्या नावावर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी हरकत, निघतो, ज्याने फाइल सहा महिने दाबून ठेवली त्याच्या नावावर काही निघत नाही. हे मी रोज बघते. "चर्चा करा", "नियम तपासून सादर करा" असे शेरे मारून फाइल फिरत राहते त्यामागे बऱ्याचदा आळस नसतो, ही भीती असते. इंग्लंडने स्वतः २००० च्या कायद्याने सरचार्जची ती पद्धत बंद केली.

पण ऑडिटरने विचारलेला प्रश्न चुकीचा होता असं मी आता म्हणणार नाही. हा आकडा कुठून आला, कशाशी ताडून पाहिला, परिस्थिती बदलल्यावर पुन्हा विचार केला का? याचं उत्तर पॉप्लरकडे नव्हतं आणि ते असायला हवं होतं. त्यांनी दरवर्षी राहणीखर्च बघून, कारणं नोंदवून, ठरावात लिहून साडेतीन किंवा चार ठेवले असते तर त्यांची बाजू कितीतरी भक्कम झाली असती. मनात चांगलं असणं पुरत नाही, ते कागदावर दिसावं लागतं, आणि हे मी वैतागून नाही, मनापासून म्हणतेय. कारण ज्या मोकळिकीने मी कंपनीत एका हेल्परला बक्षीस दिलं त्याच मोकळिकीने माझ्या शेजारच्या मॅनेजरने आपल्या लाडक्या माणसाला दिलं होतं, आणि आमच्या दोघांच्या मेलमध्ये बाहेरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता.

तर मावशींचं काय झालं ते सांगते. मी परत लेखाधिकाऱ्यांकडे गेले आणि या वेळी भांडायला नाही, विचारायला गेले की रस्ता कुठला. त्यांनीच सुचवलं की एका व्यक्तीसाठी बक्षीस मागू नका, आपत्तीच्या वेळी नेमून दिलेल्या वेळेपलीकडे काम करणाऱ्यांना मोबदला असा सर्वसाधारण प्रस्ताव करा, दर कशावरून धरला ते लिहा, ठरवणारी समिती कोण ते लिहा, वर्षाला किती खर्च होईल ते लिहा. तीनदा त्रुटी निघाल्या. एकदा तर मी दराचा आधारच दिला नव्हता. सभेपुढे विषय आला तेव्हा एका सदस्याने विचारलं की आपत्ती झाली हे कोण ठरवणार, आणि प्रश्न बरोबर होता, ते घालायचं आमच्याकडून राहिलं होतं. सात महिने गेले. ठराव झाला, नोटीस बोर्डवर लागला.

मावशींना जी रक्कम मिळाली ती मी पहिल्या टिपणीत मागितली होती त्यापेक्षा कमी होती. त्या महिन्यात तीच तरतूद वापरून आणखी दोघांना मिळाली, पंपावर रात्र काढणारे दोन कामगार, ज्यांची नावं मला तोपर्यंत माहीतही नव्हती.